थेट येणाऱ्यांची खिडकी

देवळाच्या पास-खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे खिडकीबाईच म्हणत. घरी त्या आई होत्या, सासू होत्या, पण तिथेही अलीकडे त्यांचा मूड बघून सूनबाई विचारायची, "आई, आज खिडकी बंद का?" निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. गुडघे मात्र केव्हाच निवृत्त झाले होते.

दर्शनाची वेळ ऑनलाइन घ्यायची, असं देवस्थानने ठरवलं तेव्हा बाहेरच्या फाटकावर मोठी सूचना लागली. त्या सूचनेतलं दुसरं वाक्य खिडकीबाईंनी भांडून घालून घेतलं होतं. "पासष्ट वर्षांवरील भाविकांनी ओळखपत्र घेऊन थेट खिडकीवर यावे, त्यांना त्याच दिवशी दर्शन मिळेल. सोबत एक व्यक्ती चालेल." व्यवस्थापक साहेब म्हणाले होते की आता सगळ्यांच्या घरी मोबाइल असतो. बाई म्हणाल्या, "घरी असतो साहेब, म्हाताऱ्याच्या हातात नसतो." साहेबांनी हात टेकले आणि वाक्य राहिलं.

थेट पास देणं हे काम दिसायला सोपं होतं. ओळखपत्र बघायचं, जन्मतारीख भरायची, छोट्या कॅमेऱ्यात फोटो घ्यायचा आणि नंबर छापलेला पास हातात द्यायचा. मग बाकावर बसायचं. प्रत्येक वेळेतल्या थोड्या जागा अशा लोकांसाठी राखून ठेवलेल्या असत, पण ऑनलाइनवाले आत गेल्यावरच फाटकावरचा पहारेकरी यांचे नंबर पुकारी. त्यात तो कॅमेरा महालहरी. एखाद्या आजीचा चेहरा पकडायला तो इतका वेळ घेई, की आजी विचारायची, "फोटो येतोय का माझं चित्र काढताय?"

म्हातारी माणसं त्या कडक बाकावर कण्हत बसलेली खिडकीबाईंना बघवत नसत. म्हणून त्यांनी आपली एक वाट काढली. खिडकी सोडून बाहेर यायचं, बाकावर शेजारी बसायचं आणि स्वतःच्या मोबाइलवरून त्या माणसाची ऑनलाइन वेळ घ्यायची. कुणीतरी रद्द केलेली जवळची वेळ हमखास मिळे. मोबाइलवर आलेला आकडा टाकला की झालं. पास ऑफिसात छापायचा, पहारेकऱ्याने त्यावरचा कोड मशीनला दाखवला की आजोबा सरळ आत. एका मोबाइलवर आठवड्याला ठरावीकच वेळा मिळत. त्या संपल्या की मुलाचा नंबर, तो संपला की सुनेचा. संध्याकाळी सूनबाई म्हणायची, "आई, आज माझ्या नंबरवर कोण देवाला जाऊन आलं? पुण्य माझ्या खात्यात जमा झालं का?"

दर आठवड्याला नेमाने येणारे एक शिंपीआजोबा होते. दुकान सुटलं, बायको गेली, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तरी येणं चुकलं नाही. बायको असताना ती ओढून आणायची म्हणून यायचे आणि आता ती ओढायला नाही म्हणून यायचे. खिडकीबाई शेजारी येऊन बसल्या की ते म्हणत, "आली का माझी टेलिफोनवाली?" पास हातात पडेपर्यंत बायकोची एखादी तक्रार सांगून होत असे. दिवसभराच्या कटकटीत बाईंना तेवढंच बरं वाटे.

मग एके दिवशी साहेबांनी बोलावलं.

"बाई, महिनाअखेरीला विश्वस्तांची बैठक आहे. थेट खिडकी बंद करायचं चाललंय."

"का म्हणून?"

"येतंय कोण? राखीव जागा रोज रिकाम्या जातात. सूचनेतलं ते वाक्यही काढू, उगाच कशाला ठेवायचं." साहेबांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. थेट आलेल्या ज्येष्ठांच्या रकान्यात जवळजवळ काहीच नव्हतं.

बाकावर रोज बसणारी ती सगळी माणसं पडद्यावर ऑनलाइनच्या रकान्यात जाऊन बसली होती, आणि त्यांना तिथे बाईंनीच बसवलं होतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेलेच होते.

"हे बैठकीत सांगू नका. घरच्या नंबरांवरून एवढी बुकिंगं म्हटल्यावर लोकांना भलताच वास येईल. तुमची दया मला कुठल्या रकान्यात दाखवता येणार? लोक थेट येतात ना, मग थेटच येऊ द्या. महिनाअखेरपर्यंत आकडा दिसला तर मी तुमच्या बाजूने बोलतो."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि त्या काचेआड बसून राहिल्या. ओळखपत्र, जन्मतारीख, फोटो, बाक. जी माणसं बाकावर टेकताच आत जात होती, ती आता ताटकळू लागली. एका आजीबाईंनी सरळ तोंडावर ऐकवलं, "पूर्वी पटकन व्हायचं. आता तुम्हाला जड झालोय आम्ही." बाईंनी ऐकून घेतलं. सांगून चाललं नसतं. एकीला सांगितलं की चौघी म्हणणार, माझं तेवढं फोनवर करा. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या चप्पल न काढता खुर्चीत बसून राहायच्या.

"आई, माझा फोन हल्ली गप्प आहे," सूनबाई म्हणाली.

"असू दे गप्प." एवढं म्हणून बाईंना रडू आलं. सूनबाईने काही न विचारता पाणी आणून दिलं.

शिंपीआजोबा आले तेव्हा बाक भरला होता. त्यांनी खिडकीशी वाकून ओळखपत्र आत सरकवलं. बाई मान खाली घालून टाइप करत राहिल्या. वर बघितलं असतं तर हात पर्सकडे गेला असता. पुढच्या आठवड्यात आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच झालं. बाकावरून उठताना आजोबा आधी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायचे, थोडं थांबायचे, मग उभे राहायचे. काचेतून ते सगळं दिसत होतं.

बैठक झाली. साहेब मुद्दाम खिडकीपाशी आले. "राहिली तुमची खिडकी. वाक्यही राहिलं. एक विश्वस्त म्हणाले, एवढे लोक बाकावर बसतात तर बाक वाढवा. तेवढं मात्र मंजूर झालं नाही."

बाईंना आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण थकव्याच्या खाली कुठेतरी. ऑनलाइनकडे पुन्हा वळायचं नव्हतं. रकाना रिकामा दिसला की पुढच्या बैठकीत वाक्य परत टांगणीला लागणार, हे साहेबांनी जाता जाता सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात शिंपीआजोबा आले. ओळखपत्र दिलं, कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. कॅमेरा नेहमीप्रमाणे रुसला. तेवढ्यात ते काचेतल्या भोकाशी तोंड नेऊन म्हणाले, "एक विचारू का बाई?"

"विचारा ना आजोबा."

"पूर्वी इथे एक बाई होत्या. बाहेर येऊन शेजारी बसायच्या, फोनवरून काम करून द्यायच्या. फार मायेच्या. मला धड दिसत नाही, ऐकूही कमीच येतं, नावही कधी विचारलं नाही. महिनाभर बघतोय, दिसल्या नाहीत. बदली झाली का त्यांची?"

खिडकीबाईंचे हात थांबले. काचेपलीकडे ते धूसर डोळे त्यांच्याकडेच लागले होते आणि त्यांना बघत नव्हते.

"हो," त्या म्हणाल्या. "झाली बदली."

"भेटल्या तर सांगा, शिंप्याने आठवण काढली म्हणून."

"सांगते."

कॅमेऱ्याने एकदाचा फोटो घेतला. बाईंनी पास छापला, नंबर मोठ्याने वाचून दाखवला आणि काचेखालून बाहेर सरकवला. आजोबा चाचपडत बाकाकडे गेले, शेवटच्या जागेवर टेकले, आणि शेजारची जागा रिकामी ठेवून बसले.