लूर्डस बाईंचे उलटे बाण

निर्मळच्या शाळेतल्या लूर्डस बाई मार्चात निवृत्त होणार होत्या. तीस वर्षं झाली, पण तालुक्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनात त्यांची साधी पट्टीसुद्धा कधी गेली नव्हती. यंदा मात्र त्यांनी पाचवीसाठी अन्नसाखळीची कार्डं केली होती. गवत, नाकतोडा, साळुंकी, रानमांजर. प्रत्येकावर चित्र, मागे एक छोटा प्रश्न आणि कडेला लाल बाण. ही कार्डं तरी जावीत, असं बाईंना फार वाटत होतं, आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

केंद्रप्रमुख शत्रुघ्न सर तपासायला आले, तेच कपाळाला आठ्या घालून.

"बाई, बाण उलटे काढलेत. शिकार करतं कोण? रानमांजर. मग बाण मारणारा इकडे, तर टोक साळुंकीकडे नको? फिरवा सगळे, नाहीतर पाठवता येणार नाहीत."

बाईंना हसू आवरेना. सर बाण म्हटल्यावर थेट धनुष्यच घेऊन उभे राहिले होते. पण साहेबाला तोंडावर चूक म्हणायचं नाही, एवढं त्या नोकरीत शिकल्या होत्या.

"फिरवते की. आधी एकदा खेळून बघू. सर, तुम्ही रानमांजर व्हा."

सरांच्या गळ्यात सुतळीने कार्ड अडकलं. मुलं तोंडात रुमाल कोंबून हसू लागली. गवत झालेल्या पिंकीच्या हातात बाईंनी एक लांबलचक राजेळी केळं दिलं.

"गवताने उन्हात स्वतःचं अन्न केलं. आता सर म्हणतात तसे बाण. केळं कुठे जाईल, पिंकी?"

"कुठेच नाही, बाई. सगळे बाण माझ्याकडेच येतात. रानमांजर उपाशी."

साडेबारा वाजले होते. सरांनी केळ्याकडे पाहिलं, मग बाणाकडे.

"म्हणजे बाण अन्नाचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो सर. अन्न जिकडे जातं, तिकडे टोक. शिकाऱ्याचा नव्हे."

केळं निघालं. पिंकीने जगण्यापुरतं म्हणून बरंच खाल्लं. नाकतोडा एडवर्डने उरलेल्यातलं बहुतेक संपवलं, साळुंकी प्रीतलने तेच केलं. सरांच्या हातात आलं ते बोटाच्या पेराएवढं.

"एवढंच?"

"वर जाता जाता कमीच होतं, सर," प्रीतल तोंड पुसत म्हणाली. "म्हणून रानमांजरं थोडी असतात."

सरांनी तो तुकडा गुपचूप खाल्ला, कागदावर 'बाण योग्य, प्रदर्शनासाठी निवड' असं लिहून सही केली आणि घाईघाईने स्कूटर काढली. बाईंनी ती सही तीनदा वाचली. डोळे भरून आले, आणि त्यांनी ते खुशाल भरू दिले.

एवढ्यात कार्डं मोजणारी पिंकी ओरडली, "बाई, एक कमी आहे. सर गळ्यात घालूनच गेले."

बाई खिडकीशी गेल्या. स्कूटर वळणापर्यंत पोचली होती.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आपलं रानमांजर पुढे गेलंय. साळुंकी, नाकतोडा आणि गवत उद्या मागून येतील म्हणावं."