टीव्ही दाराकडे वळेल का

आई गेल्यावर वडील गावी एकटेच होते. दोन वर्षं त्यांनी तशीच काढली. तिसऱ्या वर्षी भात झोडून झाल्यावर शेत चुलतभावाला कसायला दिलं आणि माझ्याकडे शहापूरला यायला तयार झाले. मी शाळेत गणित शिकवत होते. लग्न केलेलं नव्हतं. धसईच्या बाजूच्या आमच्या पाड्यावरची मी पहिली पदवीधर, आणि शहापुरातला तो छोटा फ्लॅट माझ्या एकटीच्या पगारातून झालेला. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. तो लपवत बसण्याइतकी मी नम्र नाही.

वडील आले ते डोक्यावर पोह्यांचं बोचकं आणि काखेत गुंडाळलेली नवी चटई घेऊन. चटई चांगली लांबलचक होती.

"येवढी मोठी कशाला, बाबा?"

"तुजकडं मानसं येतात ना गो. त्यांना बसाया नको?"

 माणसं येतात हे मीच त्यांना सांगितलेलं होतं. गावच्या शेजाऱ्यांच्या फोनवर दर रविवारी बोलणं व्हायचं, आणि मी सांगायची, आज शाळेतल्या बाई आल्या होत्या, काल खालच्या मजल्यावरच्या आल्या होत्या. सुरुवातीला एकदोनदा खरंच कोणी आलं असेल. नंतर कोणी येत नसे. पण पाड्यावर पोरगी एकटी राहते म्हटलं की लोक वडिलांना काय विचारतील हे मला माहीत होतं. म्हणून फोनवर माणसं येतच राहिली.

आमच्या घरी टीव्ही आला तो माझ्या पहिल्या पगारातून. नव्वदीतली गोष्ट. काळापांढरा, लहानसा. अख्ख्या पाड्यावर तो एकच. वडिलांनी तो ओटीवर फळीवर ठेवला तो तोंड दाराकडे करून. घरातली आम्ही बाजूने मान वाकडी करून बघायचो आणि पाडा समोर अंगणात बसून बघायचा. आई एकदा म्हणाली, आपल्या टीवीची पाठ आपल्यालाच बघायला ठेवलीय. वडील म्हणाले, आपन काय, रोजच हावो घरात.

आता माझ्याकडे नवा आला होता, बत्तीस इंची, पातळ. वडील येणार म्हणूनच घेतलेला. दुकानातून त्याबरोबर जो ब्रॅकेट मिळाला तो भिंतीला चिकटून राहणारा, सरळ. माझ्या घरात तो चालण्यासारखा नव्हता. स्वयंपाकाचा ओटा, जेवणाचं टेबल आणि बसायची जागा, सगळी एकच लांब खोली. डाव्या कोपऱ्यापासून दीड हातावर काँक्रीटचा कॉलम. तिथे टीव्ही लावला की समोर ओटा, जरा उजवीकडे टेबल, आणि ही भिंत उजवीकडे जिथे संपते तिथल्या आडव्या भिंतीत घराचं दार. एकाच जागेवरून सगळीकडे दाखवायचा तर फिरत्या हाताचा ब्रॅकेट हवा.

मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा स्क्रीनच्या मापाने कापला आणि कॉलमसमोर धरून बघू लागले. वडील खाली बसून बघत होते. ते खुर्चीवर बसत नसत, पाय लोंबकळतात म्हणत.

"आता दाराकडं कर."

"दाराकडे कशाला?"

"मानसं दारातूनच येतील ना? का खिडकीतून?"

मी पुठ्ठा वळवला. दाराकडची कड भिंतीला टेकली. वडील उठले, बोटं ताणून वितीने पुठ्ठा मोजला, मग त्याच्या मधून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं.

"टीवी चार वीत. मधे धरला तर दोन वीत हिकडं, दोन वीत तिकडं. भितीपासनं दोन वीत भायेर आला तरच दाराकडं सपाट वळंल. हात वीतभर असला तर आडकंल."

पंचवीस वर्षं मी जे फळ्यावर शिकवायची ते त्यांनी दोन मिनिटांत बोटांवर मांडलं. मी म्हटलं, "बघू दुकानात काय मिळतं."

बाजारपेठेतल्या दुकानात दोन प्रकार मिळाले. एक आखूड, एकाच सांध्याचा. भिंतीपासून वीतभर बाहेर येणारा, थोडा डावीउजवीकडे वळणारा आणि खाली झुकणारा. दुसरा दोन सांध्यांचा, घडी घातली की भिंतीलगत, उलगडला की चांगला हातभर बाहेर. दोघांच्याही पाट्यांवरची भोकं आमच्या टीव्हीमागच्या चार भोकांशी जुळत होती. मी माप लिहूनच नेलं होतं.

दुकानदाराने लांब हात उलगडून धरला. "बाई, हा घ्या. कुठे पण फिरवा."

वडिलांनी विचारलं, "दाराबाहेर बसल्याला दिसंल का?"

दुकानदार हसला. "बाहेर कोण बसणार, आजोबा? जिन्यात?"

"जागा असंल तिथं बसतील."

काउंटरशी उभे असलेले दोघंजण वळून बघू लागले. माझे कान तापले. मी म्हटलं, "लांब हात नको. पुढे ओढला की सगळं वजन वरच्या बोल्टांवर येतं. उपटून येईल."

"चार इंची भिंत असती तर मीच नको म्हटलं असतं," दुकानदार म्हणाला. "पण तुम्ही कॉलम म्हणता ना? काँक्रीट आहे. वजनाचा आकडा खोक्यावर आहे, तुमच्या टीव्हीच्या दुप्पट. काय होत नाही."

"मला आखूडच द्या."

मी आकडा वाचला होता. दुकानदार बरोबर होता हे मला कळत होतं. पण टीव्ही दाराकडे वळला की वडील दार उघडं ठेवून बसणार, आणि दार उघडं ठेवलं की कोणी येत नाही हे त्यांना दिसणार. दार बंद असलं तर मला म्हणता आलं असतं की आज कोणी मोकळं नसेल. म्हणून मी गणिताची बाई असून चुकीचं गणित सांगितलं, तेही दुकानात, चार माणसांत.

वडिलांनी खोकं उचलून काखेत मारलं. रस्त्यात एवढंच म्हणाले, "तू शिकलेली. तुला जास्त कळतं."

फिटर आला. पहिलं भोक पाडताना आत सळई लागली, तर त्याने दोन बोटं बाजूला सरकून दुसरं पाडलं. पाणसळ ठेवून पट्टी सरळ केली, चार जाड बोल्ट ठोकले, वायरीला ढील ठेवली. वडील जमिनीवर बसतात म्हणून मी स्क्रीन खाली झुकवायला सांगितली, कारण तेव्हाच्या त्या स्क्रीनवर खालून बघितलं की चित्र काळवंडायचं. ओट्याशी उभं राहून दिसत होतं, टेबलाशी बसून दिसत होतं. फिटर म्हणाला, मस्त झालं, बाई.

महिनाभर बरं चाललं असं मी समजत होते. मी शाळेतून यायची, दोघं जेवायचो, मी टेबलाशी, ते खाली. मग भिंतीवर मला रंग खरवडलेला दिसला. टीव्हीच्या उजव्या कडेसमोर, बोटभर लांब. मी शाळेत असताना ते रोज टीव्ही दाराकडे वळवून बघत होते. अडकेपर्यंत वळवायचे, मग अजून थोडा दाबायचे. मी यायच्या आत परत सरळ करायचे.

मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर दुकानात गेले आणि लांब हात घेतला. दुकानदाराने 'का' म्हणून विचारलं नाही, हे त्याचे उपकार. फिटर पुन्हा आला, जुनी भोकं बुजवली, नवी पाडली.

वडिलांनी स्वतः हात उलगडला. टीव्ही सावकाश बाहेर आला आणि अलगद दाराकडे वळला, कुठेच न टेकता. ते खूश झाले. दार सताड उघडलं, चटई दारापासून आतपर्यंत अंथरली आणि एका कडेला बसले. बाकीची मोकळी ठेवली.

सलग तीन दिवस संध्याकाळी ते असे बसले. जिन्यातून लोक चढत होते. कोणी आत नजर टाकून चटकन काढून घ्यायचं. कोणी किल्ल्या हातात खेळवत जायचं. वडील प्रत्येकाला म्हणायचे, "या, बसा." एक गृहस्थ म्हणाले, "येतो हां काका, नंतर." वडिलांनी ते खरं धरलं आणि त्या दिवशी जेवायला उशीर केला. तिसऱ्या दिवशी समोरच्या बाई उंबऱ्यापाशी आल्या. वडील उठून उभे राहिले. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "काका, जरा आवाज कमी कराल? मुलाची परीक्षा आहे."

वडिलांनी आवाज पार बंद केला. मग नुसती चित्रं बघत बसले. मी ओट्याशी भाकऱ्या थापत होते. तिथून मला टीव्हीची कड दिसत होती आणि त्यांची एक बाजू.

थोड्या वेळाने त्यांनी दार लावून घेतलं.

"शाळतल्या बाया कवा येतात?"

"येत नाहीत, बाबा."

"खालच्या?"

"त्याही नाहीत."

"मंग इतकी वर्सं तू येकलीच जेवतंस?"

"हो."

"मला कशाला खोटं बोललीस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

त्यांनी चटई गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "मला पाड्यावर कोन इचारीत होता तर मी सांगायचो, माजी पोर येकटी नाय, तिच्याकडं बसाया जागा नसतं. माज्या तोंडातनं खोटं गेलं ना गो."

त्या रात्री त्यांनी टीव्ही टेबलाकडे वळवला आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसून जेवले. पाय खरंच लोंबकळत होते. आम्ही कोणीच स्क्रीनकडे बघत नव्हतो. मला वाटलं, आता राहतील. भाकरी वाढताना मी मनात ठरवत होते, रविवारी त्यांना कसाऱ्याला फिरायला न्यायचं, आणि मग दर रविवारी कुठे ना कुठे.

जेवून हात धुताना ते म्हणाले, "राब भाजायचे दिस आले. चुलतभावाला जमनार नाय येकट्याला. रयवारी जातो."

शेत तर त्यांनी देऊन टाकलेलं होतं. भाताच्या रोपासाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, ते राब आता त्याने भाजायचे होते, त्याचे मजूर होते. हे मी बोलून दाखवलं.

"तरी पन," ते म्हणाले. "तिकडं पन कोन येत नाय आता. घरोघर टीवी झालेत. पन तिकडं वाट बघायची सवय गेलीय माजी. हितं परत लागली."

मी यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. मी घरी असते, माझी वाट बघा, असं सरळ म्हणता आलं असतं. पण ज्या मुलीने कधी कुणाकडे काही मागितलं नाही म्हणून पाड्यावर नाव झालं, तिच्या तोंडून ते निघेना. मी म्हटलं, "डबा देते बरोबर."

रविवारी मुरबाडची एसटी धरली. ते खिडकीशी बसले, चटई मात्र माझ्याकडेच ठेवायला सांगितली. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली, तेव्हा मी चार पावलं बरोबर चालत म्हणाले, "बाबा, थांबा ना." गाडीचा आवाज मोठा होता. त्यांनी मान हलवली आणि हात वर केला, जसं कोणी नीट जा म्हटल्यावर करतात तसं.