प्लॉट नंबर सातच्या चतुःसीमा

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. दुय्यम निबंधक कचेरीसमोर माझी दस्त लिहायची टपरी आहे. आम्हा दस्तलेखकांची एक वाईट खोड असते. आधीच्या दस्ताची फाइल उघडायची, नावं बदलायची, आकडे बदलायचे आणि छापायचं. सगुणा वाघमोडेच्या खरेदीखतात मी सगळं बदललं, फक्त चतुःसीमा, म्हणजे चारी दिशांना काय आहे त्या ओळी, सहा नंबरच्या प्लॉटच्याच राहिल्या. प्लॉट तिचा सात नंबरचा आणि कागदात पूर्वेला 'प्लॉट नंबर सात'. म्हणजे बाई स्वतःच स्वतःची शेजारीण झाली.

दीड वर्षाने बँकेच्या वकिलाने ते पकडलं. सगुणाताई पिठाच्या गिरणीची मालकीण. नवरा गेल्यापासून गिरणीमागच्या खोलीत दोन मुलींसह राहते. घरकर्ज मंजूर झालं होतं, पण महिनाअखेरपर्यंत चूकदुरुस्तीचा नोंदलेला दस्त आला नाही तर मंजुरी रद्द. ती पिठाच्या हातांनीच टपरीत आली.

"नाना, तुमी केलंय, तुमीच निस्तरा."

मी मान खाली घातली. लिहिणं सोपं होतं. मूळ दस्ताचा नंबर आणि तारीख, चुकीचा मजकूर, बरोबर मजकूर, 'बाकी दस्त जसाच्या तसा कायम'. पण सही विकणाऱ्याचीही लागते, आणि प्लॉट विकणारे भिकोबा लाड गेल्या पावसाळ्यातच वारले होते. आता त्यांच्या सगळ्या वारसांनी यायला हवं होतं.

दोन्ही मुलगे, हणमंत आणि दिनकर, आले. थोरला हणमंत म्हणाला, "आमी दोघंच वारस. लिवा."

"आणि अनुसया?" सगुणाताई म्हणाली.

"ती आमाला मेली." भिकोबांच्या मुलीने, अनुसयाने, परजातीत लग्न केलं होतं. बारा वर्षं तिचं नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

ते गेल्यावर मी हळूच म्हणालो, "ताई, दोघांच्या सहीवर नोंद होईल. निबंधक साहेब काही वारस शोधत घरोघर फिरत नाहीत." खरं सांगतो, मला माझी चूक लवकर झाकायची होती.

"म्हंजी एक चूक मिटवायला दुसरी करायची? उद्या ती उभी राहिली तर माझ्या पोरींनी काय करायचं? आन् ती लहानपणी माझ्याकडं दळण घिऊन यायची. मी तिला न्हाई कशी म्हणू?"

माझ्या तोंडावर ही चपराक होती आणि ती योग्यच होती.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून बाई इचलकरंजीला गेली आणि विचारत विचारत अनुसयाचं घर गाठलं. अनुसया म्हणाली, "बाबांच्या तेराव्याला बी कुणी कळवलं न्हाई. आता सहीला आठवण?"

"त्यांना न्हाई आली. मला आली. तुज्या बानं मला जागा विकली, ती नीट करून दे. तुला यायचं नसंल तर कोर्टात जाईन, पण तुला वगळून काय करणार न्हाई."

अनुसयाने दस्त कधी आहे ते विचारलं.

भावांपुढे मात्र सगुणाताई सरळ उभी राहिली. "तिघांच्या सह्या होणार असतील तर या. नसतील तर तिघांवर दावा लावते. समन्समध्ये तिचं नाव तुमच्याच खाली येईल, आख्खं गाव वाचंल." हणमंत तिच्यावर ओरडला. ती तशीच उभी राहिली, तेव्हा त्याने तारीख विचारली.

मंगळवारी तिघं कचेरीत आले, पण बाकाच्या दोन टोकांना बसले. दस्तात मी लिहिलं होतं, 'कै. भिकोबा लाड यांची मुलगी व वारस'. अनुसयाने ती ओळ दोनदा वाचली. साहेबांनी एकेकाला अंगठा आणि फोटोला बोलावलं. अनुसयाच्या पाळीला त्यांनी हणमंतकडे बघितलं.

"या तुमच्या कोण?"

हणमंत फरशीकडे बघत राहिला. रांगेतले लोक चुळबुळू लागले. त्याने नकाराची मान हलवली असती तर सगळं तिथंच अडकलं असतं.

"बहीण," तो म्हणाला. मग थोडं मोठ्याने, "धाकटी बहीण हाय माजी."

अनुसयाने अंगठा यंत्रावर ठेवला, पण घाईत तो सरकला आणि यंत्राने ठसा घेतला नाही. सगुणाताईने तिचं मनगट धरून अंगठा पुन्हा यंत्रावर ठेवला.

"हल्लू दाब," ती म्हणाली, "आपल्या घराचा कागद हाय."