उंबरठ्याबाहेरची प्रेरणा

आमच्या गावात विटाळ पाळणारी घरं अजून ढीगभर हायत, पण इंदुताईसारखी पाळणारी एकच. बाईले पाळी आली की चार दिवस ओसरीवर, ताट वेगळं, तांब्या वेगळा, पोरंबाळंही शिवायची नाहीत. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी, मंग घरात. मी नलू, अंगणवाडीची मदतनीस. आम्ही बौद्ध, आमच्या घरी हे असलं काही नाही. पण इंदुताईच्या दोन्ही नाती माह्या हातची खिचडी खाऊन मोठ्या झाल्या, म्हणून त्या घरातलं मले सगळं ठाव हाय.

प्रेरणा त्या घरची सून, उमरखेडची. दुसऱ्या पोरीच्या वेळी तिचं रक्त थांबता थांबेना, यवतमाळले नेऊन बाटल्या चढवल्या तेव्हा वाचली. डॉक्टरनं बजावलं, पाच वर्षं तरी पोट राहू देऊ नका. ऑपरेशनचं नाव काढलं तर इंदुताई म्हणाली, पोरगा झाल्याबिगर नाही. प्रेरणा नवऱ्याशी, रजतशी बोलली. तो म्हणाला, "इंजेक्शन घेऊन टाक. फक्त आईले सांगू नको." एवढाच त्याचा मर्दपणा.

उपकेंद्रात मोनाली सिस्टरनं अंतराचं, म्हणजे पोट राहू नये म्हणून असते ते इंजेक्शन दिलं. मी सोबत गेलती. सिस्टरनं काहीच लपवलं नाही. म्हणाली, "दर तीन महिन्यांनी यायचं. पहिले काही महिने पाळीचा ताळमेळ राहणार नाही. मधेच डाग दिसन, थांबन, पुन्हा दिसन. घाबरायचं नाही. लई जास्त जायले लागलं तर मात्र लगेच ये. पुढं पुढं पाळी बंदच होईन, तेही चालते. रक्त पोटात साठत नाही, आतलं अस्तरच पातळ राहते, मंग पडायले काही उरत नाही. इंजेक्शन सोडलं की पाळी परत येते, पण वेळ लागते. आणि सुई टोचली तिथं चोळू नको." प्रेरणानं मान डोलावली. औषधाचं गणित तिले समजलं होतं. सासूचं गणित दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

डाग सुरू झाले. इंदुताईचा नेम असा, की डाग दिसला की चार दिवस नव्यानं मोजायचे. तिसऱ्या दिवशी थांबलं, पाचव्या दिवशी नहाली, सातव्या दिवशी पुन्हा थेंबभर. मंग पुन्हा ओसरी. मी म्हटलं, "अगं थेंबच हाय ना, सांगतेच कायले?" तर म्हणे, "दोरीवरचे कपडे त्या पाहतात नलूताई." पोळा गेला, महालक्ष्म्या गेल्या, प्रेरणा ओसरीवरच. घरात गोडाचा वास आणि हिच्या ताटात लांबून टाकलेली पोळी. शेतात मात्र जायचं, कापूस वेचायले विटाळ चालते. हे मले कधी समजलं नाही.

पोरी आजीजवळ झोपत. धाकटी पिहू तीन वर्षांची, ती रात्री आईले हाक मारे, तर इंदुताई म्हणे, "तिले शिवली तर देवबाप्पा हात गळवते." मंग पोरी अंगणवाडीत आईची वाट पाहत. प्रेरणा शेताच्या वाटेवर यायची, मांडीवर घ्यायची, वेण्या घालायची. तिथं तिले कोणी अडवत नव्हतं. दुसरं इंजेक्शन झालं, तिसरं झालं. रजत रोज त्याच ओसरीवरून बायकोले ओलांडून घरात जाये आणि गप जेवे.

तिसऱ्यानंतर डाग थांबले. सिस्टरनं सांगितलं होतं तसंच. प्रेरणा घरात आली, चुलीजवळ बसली, पोरी दोन्हीकडून चिकटून झोपल्या. दोन महिने झाले, कपडा दोरीवर आला नाही, तशी इंदुताई एकदम मऊ पडली. दूध आलं, तूप आलं, उचलू नको, वाकू नको. शेजारीपाजारी सांगून झालं की यंदा नातू हाय. प्रेरणा चोरावाणी ते दूध पिये. मी म्हटलं, सांगून टाक. म्हणे, "पोरी जवळ झोपून राह्यल्या हो, अजून थोडे दिवस."

थोडे दिवस ते किती असणार? पोट वाढेना, तशी इंदुताई तिले पांढरकवड्याले डॉक्टरकडं घेऊन गेली. तपासलं, सोनोग्राफी झाली, आत काहीच नाही. डॉक्टरनं विचारलं, इंजेक्शन घेता काय? प्रेरणानं खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाली, मंग बरोबरच हाय आजी, यात पाळी बंद होतेच, काळजी नको.

इंदुताईनं घरी येऊन रजतले समोर बसवलं. "तुले ठाव होतं?" सगळ्या घराचं लक्ष त्याच्या तोंडाकडं. तो म्हणाला, "मले काय ठाव." एवढेच तीन शब्द. त्याच दिवशी प्रेरणाची पिशवी भरून तिले माहेरी लावून दिलं. इंदुताई म्हणाली, पोरी आमच्या रक्ताच्या हायत, त्या इथंच राहतील.

सिस्टर आणि मी समजवायले गेलो. इंदुताईनं चहा केला, सगळं ऐकून घेतलं, मानही हलवली. मंग म्हणाली, "तुमचं खरं असन बाई. पण पाळी नाही ते शेत पडीक. पाळी आली की येऊ द्या तिले, मी काय नाही म्हणते?" त्या शांतपणाचीच मले चीड आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उमरखेडले प्रेरणानं पुढचं इंजेक्शन घेतलं नाही. जे रक्त तिले घराबाहेर बसवे, त्याचीच आता ती वाट पाहून राह्यली होती. फोनवर सिस्टरले विचारे, कधी येईन? सिस्टर म्हणे, शेवटच्या सुईचा असर उतरू दे, मंग काही महिने लागतात, कोणाले जास्त कोणाले कमी, पण येईनच. मी अंगणवाडीतून तिचं पोरींशी बोलणं करून देई. मोठी श्रुती सगळं सांगे. पिहू पहिले रडे, मंग नुसतं ऐके, मंग फोन हातात घ्यायलेही कुरकुर करे. कापूस निघाला, तूर निघाली, ऊन तापलं.

एका सकाळी फोन आला. "नलूताई, आली हो. चांगली आली." हसत होती, रडत होती. मी म्हटलं, चार दिवस थांब, मंग ये. कोणाची ऐकते? "मंग कोण खरं मानन? आताच निघते." पहिली एसटी धरून निघाली. दुपारी मी पोरींना घरी सोडायले गेली, तेव्हा ती इंदुताईच्या दारात उभी. सासूले तिनं भर अंगणात, मान वर करून सांगितलं, "आई, मले पाळी आली."

इंदुताईनं नखशिखांत पाहिलं. खरं असल्याचं तिले पटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. मंग तिनं आतून तो जुना तांब्या आणला आणि ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला. "बरं झालं. बस तिथं. चार दिवसांनी पाहू." रजत आत होता. बाहेर आला नाही.

प्रेरणा बसली. बसल्या बसल्या तिनं पोरींकडं हात केले. श्रुती धावत निघाली. पिहूनं तिचा फ्रॉक मागून धरला आणि तिले थांबवलं.

"नको ताई," ती म्हणाली, "हात गळून पडन."