तेल कुलपात, तर्री ताटात

डॉक्टरांनी मामंजींच्या छातीला नळी लावली आणि निकाल दिला, तेल बंद. फोडणीपुरतं एक चमचा, बास. आमच्या वाशी गावात हे सांगणं म्हणजे जेवणच बंद करणं. आमटीवर तेलाची लाल तर्री नसली तर पाहुणा ताटावरून उठायचा, आणि मामंजी तर स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे रुसायचे!

आमचे हे शाळामास्तर. त्यांनी शिस्तीत तेलाच्या डब्याला कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. रोज सकाळी मला एक चमचा मोजून द्यायचे. माझ्यावर भरवसा न्हाय म्हणा की! लई राग आला मला.

पहिल्या दिवशी मी भाज्या नुसत्या उकडल्या. मामंजींनी ताट सरकवलं. "सूनबाई, हे गुरांना घाला. मी चाललो तेरला, लेकीकडं." खुंटीवरची पिशवी काढून त्यात धोतर भरलं. लेक बापाला बोट बुडेल एवढं तेल वाढायची. तिकडं गेले तर माघारी येतील का, हाच घोर मला लागला.

"मामंजी, उद्याचं जेवून मग जा," मी म्हणाले. "चव न्हाय लागली तर मीच मोटारीत बसवून देते."

नवा कुकर होता. तूरडाळ, हळद घालून तीन शिट्ट्या घेतल्या. पहिल्या शिट्टीला मामंजी ओसरीवरून थेट अंगणात! वांगी मात्र दाबाखाली लगदा होतात, म्हणून ती नंतर, शिट्टी काढून, नुसत्या वाफेवर ठेवली. कांदा आणि खोबरं निखाऱ्यावर भाजलं. धणे, तीळ, शेंगदाणे कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, तीळ तडतडेपर्यंत. तिखट तेवढं शेवटी, तवा उतरवून. न्हायतर जळून कडू होतं. सगळं पाट्यावर बारीक वाटलं. निम्मं वाटण वांग्यांना चोळलं, निम्मं डाळीत घातलं, वरून चमचाभर तेलाची फोडणी, आणि आमटी बराच वेळ मंद उकळू दिली.

मामंजींनी वाटीत बघितलं. वर लाल तर्री! भुरका मारला, वांग्याला हात घातला, भाकरी संपली, दुसरी मागितली.

हे मात्र ताडकन उठले. "तेल चोरलंस! बाबांच्या जिवाशी खेळतेस?"

माझा पाराच चढला. "करदोटा चाचपा आधी!"

किल्ली जागेवर. कुलूप जागेवर. डब्यातलं तेलही यांनीच आतून मारलेल्या कोळशाच्या खुणेबरोबर.

"मग ही तर्री कुठनं आली?"

"चमचा तुम्हीच दिला की. बाकीची मूठभर तीळ-शेंगदाण्यांनी सोडली. त्यांना कुठं कुलूप लावता?"

मामंजी ठसका लागेपर्यंत हसले. मग यांच्यापुढं हात पसरून म्हणाले, "मास्तर, आण ती किल्ली इकडं." आणि ती माझ्या हातावर ठेवली.

त्यांची पिशवी खुंटीवर गेली ती तिथंच राहिली. कितीतरी वर्षांनी मामंजी वारल्यावर मी उतरवली, तर धोतर तसंच घडी घातलेलं होतं.