पाइपांची कायमची ठेव

नामांतराच्या त्या वर्षांत मी परभणीला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ज्युनिअर इंजिनिअर होतो. गंगाखेडकडच्या एका गावासाठी पाइप निवडायचे होते. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, चौदा लाखांचे, पाऊणशे वर्षं टिकणारे. सिमेंटचे दहा लाखांचे, पण दर पंचवीस वर्षांनी बदलावे लागणारे.

दहा टक्के व्याज धरून मी हिशेब मांडला. आज जादाचे एक लाख दोन हजार बँकेत ठेवले, तर पंचवीस वर्षांत त्यांचे अकरा लाखांच्या वर होतात. दहा लाखांचे नवे पाइप घ्यायचे, उरलेली मूळ ठेव पुन्हा तशीच ठेवायची, असं कायम. म्हणजे सिमेंटचे पाइप कायमसाठी अकरा लाखांना पडले. बिडाच्यांना पाऊणशे वर्षांनंतरसाठी हजारभराचीच ठेव लागत होती, म्हणून ते चौदावरच अडले. सिमेंट जिंकलं.

मंजुरीला पाठवताना साहेबांनी ठेवीची ओळ खोडली.

"साहेब, त्या ओळीच्या जिवावरच सिमेंट निवडलंय."

"पंचवीस वर्षांनी तुमी कुठं, मी कुठं! दहाच मागा."

मी दहाचाच कागद पुढे पाठवला. असल्या गोष्टींवर भांडून भांडून जीव विटला होता.

पंचविशीत पाइप जागोजाग फुटायला लागले. ठेव नव्हतीच. मी तोवर रिटायर झालो होतो. नवा इंजिनिअर नव्या पाइपांच्या तुलनेचा तक्ता दाखवायला घरी आला. भाव वाढले होते, पद्धत माझीच होती. या खेपेला कमी टिकणारे प्लास्टिकचे पाइप जिंकले होते.

मी विचारलं, "ही ठेव कुठं ठेवणार?"

तो हसला. "ती काय सर, तुलनेपुरती असते."