माप घ्यायला या, घरी कोणी नसेल

जागेश्वर ठेकेदाराला पाठवलेला तो संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसायचा म्हणून दोनदा बोट ठेवलं आणि काढून घेतलं. संदेश असा:

"करडीच्या घराचं माप. दिनांक १५ जानेवारी, सकाळी साडेदहा. मोठ्या रस्त्यावरून शाळेच्या बाजूने आत यावे, बोअरवेलनंतरचं तिसरं घर, निळं फाटक. गाडी फाटकापर्यंत येते. किल्ली शेजारी शकुंतलाबाईंकडे. हजर: मी स्वतः. घरी दुसरं कोणी नसेल. नकाशा सोबत जोडला आहे, पाडायच्या भिंतींवर लाल खूण आहे."

कामाचा कागद कसा असावा, तसा हा संदेश आहे. मी भंडाऱ्याला एका सहकारी संस्थेत लेखापाल आहे. पस्तीस वर्षं असेच मुद्देसूद कागद लिहिले. त्यातलं एकच वाक्य चूक होतं, आणि ते मी जाणूनबुजून लिहिलं होतं.

त्या घरात माझी मोठी बहीण राहते. बायजाबाई. आम्ही सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणतो.

बाईचं लग्न आंबागडला झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. चार वर्षांत नवरा तापाने गेला आणि ती एक पत्र्याची पेटी घेऊन करडीला परत आली. आमचे वडील, डोमाजी, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबायचे. त्यांनी तिला घरामागची खोली दिली. त्या खोलीला पूर्वेकडे एकच खिडकी. तिच्याखाली बसून बाई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटांत धागा. दिवसाकाठी हजार विड्या. मी तुमसरला कॉमर्स कॉलेजात शिकलो तो या खिडकीखालच्या उजेडावर. मला हे आधीपासून ठाऊक होतं, कोणी सांगण्याची गरज नव्हती. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

मार्चअखेर मी निवृत्त होणार. मी आणि माझी बायको हर्षा, दोघांनी करडीला राहायला जायचं ठरवलं. घर दुरुस्त करायला हवं होतं. माझे गुडघे गेले आहेत, तेव्हा आमच्या खोलीला लागून संडास-बाथरूम हवं. मी चौकडीच्या कागदावर नकाशा काढला. जागा एकच निघत होती, बाईची खोली. ती पाडायची आणि बाईला ओसरीत प्लायवूडचा आडोसा करून द्यायचा.

हर्षा म्हणाली, "आधी बाईंना विचारा."

मी म्हणालो, "आधी ठेकेदार किती सांगतो ते तर पाहू. जास्त सांगितलं तर बेतच रद्द. मग तिला उगीच कशाला दुखवायचं?"

वरवर पाहता हे शहाणपणाचं बोलणं होतं. खरं म्हणजे मला तिच्या तोंडाकडे पाहून ते सांगायचं नव्हतं. म्हणून मी मापासाठी बाजाराचा दिवस निवडला. त्या दिवशी बाई परसातली वांगी आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा टोपलीत घालून नऊला निघते, ती दोनशिवाय परतत नाही. साडेदहा ते दोन, तेवढ्यात माप होऊन जाईल, असा हिशेब.

चौदा तारखेला दुपारी संस्थेत निरोप आला की उद्या तपासणीचं पथक येणार. माझी सुटी रद्द झाली. जागेश्वरची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. ती सोडली तर पुढची महिनाभराने. मी त्याला फोन केला.

"जागेश्वरभाऊ, मी काही येऊ शकत नाही. किल्ली घ्या, माप घ्या, कुलूप लावा. नकाशा आहेच तुमच्याकडे."

"तसं नाही जमत साहेब," तो म्हणाला. "रिकाम्या घरात मी पाय ठेवत नाही. मागं एका घरी माप घेतलं आन् दुसऱ्या दिवशी त्यायचा पाण्याचा पितळी गुंड सापडेना. गावभर माझं नाव झालं. गुंड निघाला त्यायच्याच व्याह्याकडे. तवापासून घरचं माणूस उभं असल्याशिवाय टेप काढत नाही. आन् दुसरं टोक धराले बी कोणी लागते ना!"

"शेजारच्या शकुंतलाबाई उभ्या राहतील."

"चालते. पर त्यायले सांगून ठेवा."

मी शकुंतलाबाईंना फोन केला. मिस्त्री येतील, किल्ली द्या, जरा वेळ थांबा, एवढंच म्हणालो. बाईला सांगू नका, हे शब्द जिभेपर्यंत आले होते. ते बोलायची मात्र हिंमत झाली नाही. बोललो असतो तर निदान शकुंतलाबाईंना तरी कळलं असतं की मी काय करतो आहे.

पंधराला सकाळी अकराच्या सुमारास मी तपासणीवाल्यांना फाइली काढून देत होतो. जागेश्वरचा फोन आला.

"साहेब, माप सुरू हाय. बाई आल्या ना."

"कोण बाई?"

"तुमची बहीण. शकुंतलाबाई म्हणल्या, घरचं माणूस बाजारात बसलं असतांना मी कायले उभी राहू? गेल्या आन् घेऊन आल्या."

त्यात शकुंतलाबाईंचं काही चुकलं नाही. आमच्या गावात शेजारी किल्ली ठेवतात ती घर राखायला. घरच्यांच्या मागे घर उघडून द्यायला नाही.

मागून बाईचा आवाज येत होता. "थ्या कोपऱ्यातून धरू काय, भाऊ? थांबा, कणगी सरकवते. चहा थंडा होऊन राहिला तुमचा, आधी घ्या."

"बघा," जागेश्वर हसून म्हणाला, "माझ्या माणसापेक्षा बरा टेप धरतात. मागची खोली दहा फूट चार इंच, आठ फूट दोन. दोन्ही कर्णांत चार इंचाचा फरक हाय. भिंती जुन्या, काटकोनात नाहीत."

"त्यांना... काही सांगितलं का?"

"मी काय सांगू साहेब? म्या तं नकाशापरमानं गेरूनं फुल्या मारल्या. त्यायनं विचारलं, ह्या कायच्या? म्या म्हणलं, साहेबांले विचारा."

पथकातला एकजण मला मागच्या वर्षीची फाइल मागत होता. मी चुकीची फाइल दिली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

साडेपाचला सुटलो आणि पहिली बस धरली. करडीला उतरलो तेव्हा सांज होत होती. निळं फाटक उघडं होतं. बाई ओसरीत बसली होती. तिच्यामागे भिंतीला लागून पत्र्याची पेटी, गुंडाळलेलं अंथरूण, बाबासाहेबांची तसबीर, सूप. सगळं खोलीतून काढून आणलेलं. ज्या बाजूला मी कागदावर आडोसा काढला होता, नेमकं त्याच बाजूला.

"बाई, हे काय?"

"सामान हाय," ती म्हणाली. "डोळ्याले दिसत नाही काय?"

"कोणी काढायला सांगितलं?"

"फुली कोणी मारली?"

मी खोलीत गेलो. पूर्वेच्या भिंतीवर खिडकीच्या बाजूला गेरूची हातभर लांब फुली. दाराच्या भिंतीवर दुसरी. खोली झाडून काढलेली होती. एवढ्याशा खोलीत मला उभं राहवेना. बाहेर आलो तर ती पाण्याचा गिलास घेऊन उभी.

"पाणी पी. बसमंदी उभा आला असशील, गुडघ्यानं."

"मी तुला सांगणार होतो, बाई."

"कवा? भिंत पडल्यावर?"

मी गिलास रिकामा करून खाली ठेवला.

"तुले संडास पाह्यजे, मले कळते. मले बी पाह्यजे. रातच्याले बाहेर जाताना मले कुठी दिसते आता? इचारलं असतं तं मी म्हणलं असतं, परसात नळाच्या बाजूनं जागा हाय, तुह्या खोलीले लागून. वांग्याच्या दोन ओळी जातील, जाऊ दे. पर तुनं नकाशा काढला भंडाऱ्याले बसून."

मी नकाशा काढताना परस कागदाबाहेर ठेवलं होतं. ते तिचं, म्हणून नव्हे. घर मोजायचं म्हणून फक्त भिंती मोजल्या होत्या.

"आन् एक सांग," ती खाली बसत म्हणाली. "बाजाराचा दिवस तुले कोणी सांगितला?"

"मला माहीतच आहे तुझा बाजार."

"हां," ती म्हणाली. "तेच."

ती रडली नाही. रागावलीही नाही. पोपटाच्या शेंगांची टोपली तिने बाजारात कोणाकडे तरी सोडून दिली होती. त्या विकल्या गेल्या की नाही, हेही मी विचारलं नाही. तिने भाकर टाकली, मी खाल्ली. झोपायला मी ओसरीत अंथरूण मागितलं. ती म्हणाली, "ओसरी माही हाय आता. तू आतमंदी झोप."

तिच्या त्या रिकाम्या खोलीत मला झोप लागली नाही, एवढंच लिहितो.

सकाळी निघण्यापूर्वी मी जागेश्वरला पुन्हा फोन केला. अंदाज काढू नका, म्हणालो. नकाशा बदलला. पुन्हा माप घ्यायला या.

"फेब्रुवारीत जमंल. बाजाराच्या दिवशीच येऊ काय?"

"नाही. बाजाराचा दिवस सोडून कोणताही."

या वेळी मी संदेश बाईसमोर बसून लिहिला, एकेक ओळ वाचून दाखवत. "हजर" या शब्दाशी थांबलो. तिने मान वर केली नाही, शेंगा सोलत राहिली.

"लिही," म्हणाली. "बायजाबाई डोमाजी. घरीच असते म्हणून लिही."

मी तसंच लिहिलं.

दुसऱ्या मापाला हर्षाही आली. शकुंतलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आज किल्ली नाही मागितली कोणी?" बाई म्हणाली, "आज दारच उघडं हाय ना!" जागेश्वर हसला, मी हसू शकलो नाही. त्याने आधी परसातली जागा मोजली: नळापासून भिंत, भिंतीपासून कुंपण, सांडपाण्याचा उतार कुठे जातो. उतार बाईने दाखवला. चाळीस वर्षं तिने ते पाणी जाताना पाहिलं होतं. वांग्याच्या ओळी दोन नव्हे, एकच गेली.

मग तो म्हणाला, "मागची खोली तशीच ठेवायची, पर कौलं बदलायची तं एकदा पुन्हा घेऊ. तवा आतमंदी सामान होतं, माप नीट भेटलं नाही. कोणी टोक धरा."

बाईचं सामान अजून ओसरीतच होतं. फुल्या पुसल्याशिवाय आत येणार नाही, म्हणाली होती. मी एकदा ओल्या फडक्याने पुसून पाहिलं होतं; गेरू आणखी पसरला.

बाईने टेपचं टोक घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"तू धर. मागच्या वेळी म्या धरला होता."

मी खिडकीखालच्या कोपऱ्यात गुडघे टेकले. जमीन तिथे हाताला खोलगट लागली, सुपाएवढी, गुळगुळीत. वर्षानुवर्षं एकाच जागी कोणी बसलं की होते तशी. मी तिथे हात ठेवून राहिलो.

"साहेब," समोरच्या कोपऱ्यातून जागेश्वर म्हणाला, "टोक सुटलं तुमच्या हातचं. पुन्हा घ्यावं लागंल."

"घेऊ दे त्याले," दारातून बाई म्हणाली. "त्याले घाई नाही आज."